जिल्हानिहाय क्षेत्रघनी नकाशा तपासताना: छटांचे टप्पे, सूचीची भाषा आणि रिकामी दिसणारी जमीन

शाळेच्या भूगोलात आपण टिंब पद्धत, समघनी पद्धत आणि क्षेत्रघनी पद्धत अशी तीन नावे पाठ केलेली असतात. त्यांपैकी क्षेत्रघनी नकाशा म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या आकडेवारीनुसार फिकट किंवा गडद छटा देऊन रंगवलेला नकाशा. पूर्वी हातांनी छटा भरताना प्रत्येक जिल्ह्यापाशी क्षणभर थांबावे लागत असे. आता क्यूजीआयएससारख्या आज्ञावलीत आकड्यांचा स्तंभ निवडून एक कळ दाबली की छत्तीस जिल्हे एकदम रंगतात, आणि त्यामुळे चूकही एकदमच होते. असा नकाशा स्वतः केल्यावर किंवा दुसऱ्याने केलेला हाती आल्यावर तो कसा तपासावा, हे या लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. उदाहरण आहे २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतील लोकसंख्येच्या घनतेचे. ते मुद्दाम निवडले आहे, कारण या एका स्तंभात नवशिक्याला अडकवणारे जवळजवळ सगळे सापळे आहेत.

पहिली पायरी: नकाशा बाजूला ठेवून आकडे चढत्या क्रमाने लावावेत

रंगांकडे पाहण्याआधी तक्त्यातील आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून एकदा शांतपणे वाचावेत. २०११ मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. सर्वांत खाली गडचिरोली दिसतो, दर चौरस किलोमीटरला ७४ व्यक्ती. त्यानंतर सिंधुदुर्ग १६३, चंद्रपूर १९३, रत्नागिरी १९७ अशी संथ चढण सुरू होते आणि परभणीपर्यंत म्हणजे एकविसाव्या जिल्ह्यापर्यंत आकडा तीनशेच्या आतच राहतो. नाशिक ३९३, नागपूर ४७०, कोल्हापूर ५०४, पुणे ६०३ आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १,१५७. यानंतर थेट कडा आहे, कारण पुढचा आकडा मुंबई शहराचा १९,६५२ आणि शेवटचा मुंबई उपनगराचा २०,९८० आहे. ठाणे आणि मुंबई शहर यांच्यामध्ये एकही जिल्हा नाही.

या पाच मिनिटांच्या वाचनाने एक गोष्ट पक्की होते. या आकड्यांचा आकार मैदानाच्या टोकाला मनोरा उभा असावा तसा आहे, आणि छटांचे टप्पे या आकाराला मान देणारे असले पाहिजेत. त्याच वेळी स्तंभात नेमके काय आहे तेही पाहून घ्यावे. एकूण लोकसंख्या, एकूण रुग्ण, एकूण शाळा अशा बेरजांसाठी क्षेत्रघनी पद्धत वापरू नये, कारण मोठा जिल्हा केवळ मोठा असल्यामुळे गडद होतो. या पद्धतीला घनता, टक्केवारी, दरहजारी प्रमाण असे भागून आलेले आकडे लागतात.

दुसरी पायरी: टप्पे कोणत्या रीतीने पाडले आहेत ते शोधावे

क्यूजीआयएसमध्ये थराच्या गुणधर्मांत `Graduated` हा प्रकार निवडला की टप्पे पाडण्याच्या अनेक रीती समोर येतात. बहुतेक जण पहिली दिसेल ती रीत तशीच ठेवतात. आपल्या स्तंभावर तीन रीती काय करतात ते पाहू.

`Equal Interval` म्हणजे समान अंतराचे टप्पे. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा केला की २०,९०६ उरतात, त्यांचे पाच समान भाग केले तर प्रत्येक टप्पा सुमारे ४,१८१ चा होतो. पहिला टप्पा ७४ ते ४,२५५ असा पडतो आणि त्यात ३३ जिल्हे बसतात. मधले तीन टप्पे पूर्ण रिकामे राहतात, शेवटच्यात दोन मुंबई जिल्हे येतात. नकाशा पाहिला तर सारा महाराष्ट्र एकाच फिकट रंगाचा आणि पश्चिमेच्या काठावर एक गडद ठिपका, एवढेच दिसते. गडचिरोली आणि पुणे यांच्यात आठपटीचा फरक आहे, तो या नकाशात उमटतच नाही.

`Equal Count (Quantile)` म्हणजे प्रत्येक टप्प्यात सारख्या संख्येने जिल्हे. ३५ जिल्हे आणि पाच टप्पे म्हणजे सात-सात जिल्ह्यांचे गट. हा नकाशा दिसायला फार सुरेख होतो, पाचही छटा राज्यभर समान पसरतात, आणि म्हणूनच मला तो जास्त धोकादायक वाटतो. दुसरा गट २६६ वर संपतो आणि तिसरा २६८ वर सुरू होतो. त्यामुळे तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, एका रंगाचा आणि बुलढाणा दुसऱ्या रंगाचा होतो, जरी दोघांत फरक आहे तो दर चौरस किलोमीटरला दोन माणसांचा. याउलट शेवटचा गट ३९३ पासून २०,९८० पर्यंत जातो आणि नाशिक व मुंबई उपनगर यांना एकच गडद छटा मिळते. दोनाचा फरक दाखवायचा आणि वीस हजारांचा लपवायचा, असा हा व्यवहार आहे.

`Natural Breaks (Jenks)` ही रीत आकड्यांमधील नैसर्गिक फटी शोधते, म्हणून पुष्कळ जण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. पण या स्तंभात तिला सर्वांत मोठ्या फटी वरच्या टोकालाच सापडतात. पाच टप्पे मागितले तर मुंबई उपनगराला एक, मुंबई शहराला एक आणि ठाण्याला एक छटा खर्च होते आणि उरलेल्या ३२ जिल्ह्यांच्या वाट्याला जेमतेम दोन छटा येतात.

दुसऱ्याचा नकाशा तपासताना रीत लिहिलेली नसली तरी सूचीवरून ती ओळखता येते. सर्व टप्पे एकाच रुंदीचे असतील तर समान अंतर, टप्प्यांच्या सीमा ओबडधोबड असून प्रत्येक छटेचे जिल्हे मोजल्यावर सारखे निघत असतील तर समान संख्या. शंका आली तर एकच कसोटी लावावी: एकाच रंगातील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा यांत किती अंतर आहे, आणि शेजारच्या दोन रंगांच्या सीमेवरचे दोन जिल्हे खरोखर वेगळे आहेत का.

तिसरी पायरी: टप्पे हाताने बांधावेत

अशा एकांगी स्तंभासाठी मी तरी टप्पे हातानेच बांधतो. २०० पेक्षा कमी असा पहिला टप्पा केला की त्यात गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर आणि रत्नागिरी असे चार जिल्हे येतात. २०० ते २४९ मध्ये सात, २५० ते २९९ मध्ये दहा, ३०० ते ३९९ मध्ये आठ, ४०० ते १,१९९ मध्ये नागपूर, कोल्हापूर, पुणे व ठाणे असे चार आणि १९,००० च्या वर दोन. बेरीज ३५ येते, म्हणजे कोणी निसटलेले नाही. ही बेरीज दर वेळी करावी. टप्पे असमान आहेत, पण ते गोल आकड्यांवर आहेत आणि जिथे जिल्ह्यांची दाटी आहे तिथे बारीक, जिथे विरळ आहे तिथे रुंद आहेत. रत्नागिरी आणि यवतमाळ हे १९७ व २०४ वर असूनही वेगळ्या रंगांत गेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. सीमारेषा कुठेही ओढली तरी कोणीतरी दोन शेजारी तुटतातच, फक्त ती ओढण्याचे कारण वाचकाला समजेल असे असावे.

छटांच्या बाबतीत फार वेळ घालवण्याची गरज नाही. कमीपासून जास्तपर्यंत जाणाऱ्या आकड्यांसाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्याव्यात आणि सहाच्या पुढे जाऊ नये, कारण सहावी आणि सातवी छटा नकाशावर दूरदूरच्या जिल्ह्यांत ओळखणे डोळ्यांना जमत नाही. दोन दिशांना जाणारे रंग, उदाहरणार्थ तपकिरी ते हिरवा, तेव्हाच वापरावेत जेव्हा मध्ये खरा अर्थ असलेला आकडा असतो. लिंग गुणोत्तराच्या नकाशात १,००० हा असा आकडा आहे. घनतेच्या नकाशात तसा काही नाही. शेवटी नकाशा कृष्णधवल छापून पाहावा. छपाईत दोन छटा एक झाल्या तर रंगांची दृष्टी वेगळी असलेल्या वाचकालाही त्या बहुधा एकच दिसणार.

चौथी पायरी: सूची मोठ्याने वाचावी

सूची ही नकाशाची भाषा असते, आणि ती तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे ती समोरच्या माणसाला वाचून दाखवणे. ‘घनता’ एवढाच मथळा असेल तर तो लगेच विचारील, कशाची, केव्हाची आणि कशामागे? मथळा असा असावा: ‘लोकसंख्येची घनता, जनगणना २०११ (दर चौरस किलोमीटरला व्यक्ती)’. विषय, वर्ष आणि एकक यांपैकी काहीही वगळू नये.

त्यानंतर टप्प्यांचे शब्दांकन पाहावे. ‘२००–२५०, २५०–३००’ असे लिहिले की बरोबर २५० आकड्याचा जिल्हा कुठे गेला हे कळत नाही. म्हणून ‘२०० ते २४९, २५० ते २९९’ असे लिहावे, पण त्याआधी आकडे पूर्णांकांत आणावेत, नाहीतर २४९.६ हा आकडा दोन टप्प्यांच्या फटीत पडतो. आज्ञावली आपणहून जी सूची बनवते तिच्यात ‘७४.०० – २१९.२८’ असे दशांश असतात. माणसांच्या घनतेत दोन दशांश स्थळांची अचूकता मिरवण्यात काही अर्थ नाही.

‘कमी, मध्यम, जास्त’ असे निव्वळ शब्द आकड्यांच्या जागी वापरू नयेत. ३९३ ही घनता महाराष्ट्रात जास्त ठरेल, मुंबईच्या शेजारी ठेवली तर नगण्य. याहून वाईट म्हणजे निवाडा करणारे शब्द. फिकट छटेपुढे ‘मागास’ किंवा ‘ओसाड’ असे लिहिलेले मी पाहिले आहे, आणि तो नकाशा केवळ घनतेचा होता. घनता कमी असणे हा डोंगर, जंगल आणि शेतीयोग्य जमीन यांचाही परिणाम असतो; सूचीने त्याचा अर्थ लावायला जाऊ नये.

आपल्या उदाहरणात सूचीत आणखी एक गोष्ट हवी. १,२०० आणि १९,००० यांच्यामध्ये मोठी उडी आहे. सूचीतील चौकोन एकाखाली एक सारख्या अंतराने मांडले तर वाचकाला ती उडी जाणवत नाही. म्हणून शेवटच्या चौकोनाआधी थोडी मोकळी जागा सोडून बारीक अक्षरांत ‘या दरम्यान एकही जिल्हा नाही’ असे लिहावे. प्रत्येक टप्प्यापुढे जिल्ह्यांची संख्या दिली तर उत्तमच.

पाचवी पायरी: रंगाविना राहिलेले जिल्हे शोधावेत

नकाशावर एखादा जिल्हा पांढरा दिसला तर त्याची निदान तीन कारणे असू शकतात: आकडा शून्य आहे, आकडा उपलब्ध नाही, किंवा आकडा आहे पण तो नकाशाला जोडलाच गेलेला नाही. वाचकाला तिन्ही सारखेच दिसतात आणि तो बहुधा ‘तिथे काही नाही’ असाच अर्थ घेतो.

महाराष्ट्रात याचे नेहमीचे उदाहरण पालघर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा होऊन जिल्हे ३६ झाले. आज मिळणाऱ्या हद्दींच्या फाइलीत ३६ बहुभुज असतात आणि २०११ च्या तक्त्यात ३५ ओळी. जोडणी केली की पालघर कोरा राहतो. माझ्या पहिल्या नकाशात तो कोरा राहिला होता आणि मी त्यात घाईघाईने ठाण्याचाच आकडा भरून मोकळा झालो होतो. कोऱ्या जागेपेक्षाही ती चूक मोठी होती, कारण १,१५७ हा आकडा ९,५५८ चौरस किलोमीटरच्या अखंड ठाण्याचा आहे आणि विभाजनानंतर तो दोघांपैकी कोणाचाच उरत नाही.

योग्य मार्ग दोनच आहेत. एक तर ३५ जिल्ह्यांच्या जुन्या हद्दी वापराव्यात आणि तसे नकाशावर लिहावे. नाहीतर २०११ चे तालुक्यांचे आकडे घेऊन नव्या जिल्ह्यांची बेरीज करावी. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची लोकसंख्या २९,९०,११६ होते आणि क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे घनता सुमारे ५६०. उरलेल्या ठाण्यात ४,२१४ चौरस किलोमीटरमध्ये ८०,७०,०३२ लोक, म्हणजे सुमारे १,९१५. एका आकड्याखाली दोन इतके वेगळे प्रदेश दडलेले होते.

आता इथे एक गंमत होते. तिसऱ्या पायरीत आपण पाचवा टप्पा १,१९९ वर थांबवला होता. १,९१५ हा नवा आकडा कुठल्याच टप्प्यात बसत नाही, आणि क्यूजीआयएस अशा जिल्ह्याला रंग देत नाही, तसा इशाराही देत नाही. पालघर भरला आणि ठाणे कोरा झाला! म्हणून आकडे बदलले की टप्पे पुन्हा तपासावेत. इथे पाचवा टप्पा ४०० ते १,९९९ करावा, सूचीतील मजकूर बदलावा आणि बेरीज ३६ येते का ते पाहावे.

दुसरे कारण नावांचे. इंग्रजी स्पेलिंगवर जोडणी केली तर २०११ च्या जनगणनेतील `Bid`, `Gondiya`, `Buldana`, `Raigarh` ही नावे हद्दींच्या फाइलीतील `Beed`, `Gondia`, `Buldhana`, `Raigad` यांच्याशी जुळत नाहीत. त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नव्या नावांची भर पडली आहे. जोडणी नावावर न करता जनगणनेच्या जिल्हा संकेतांकावर करावी. २०११ मध्ये महाराष्ट्राचे संकेतांक नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत आहेत. पालघरला अर्थातच त्यांत संकेतांक नाही, तो आपण स्वतः ठरवून द्यावा. जोडणीनंतर थरात पुढील अट लावून निवड करावी, आणि निवडलेल्या जिल्ह्यांची संख्या शून्य आली तरच पुढे जावे.

```
"density" IS NULL OR "density" < 0 OR "density" > 21000
```

आकडे खरोखरच उपलब्ध नसतील तर तो जिल्हा पांढरा न सोडता राखाडी तिरप्या रेषांनी भरावा आणि सूचीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असा वेगळा चौकोन द्यावा. यासाठी तोच हद्दींचा थर खाली दुसऱ्यांदा ठेवून त्याला तिरप्या रेषा दिल्या की वर जिथे रंग नसेल तिथे त्या आपोआप दिसतात. सर्वांत फिकट छटा कागदाच्या पांढऱ्या रंगाहून आणि शेजारच्या राज्यांना दिलेल्या रंगाहून स्पष्ट वेगळी आहे ना, हेही इथेच पाहून घ्यावे.

सहावी पायरी: मोठी फिकट जमीन काय सांगते ते मोजावे

सगळे आकडे बरोबर असूनही नकाशा दिशाभूल करू शकतो, कारण डोळा क्षेत्रफळ मोजतो, माणसे नाही. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांचे मिळून ६०३. म्हणजे नकाशावर गडचिरोली चोवीसपट मोठा दिसतो, आणि माणसे मात्र तिकडे १०.७ लाख व इकडे १.२४ कोटी. राज्याच्या पूर्व टोकाला पसरलेली ती फिकट छटा पाहून वाचकाच्या मनावर रिकामेपणाचा ठसा उमटतो, पण तिथेही दहा लाखांहून अधिक माणसे राहतात.

हा परिणाम अंदाजाने न सांगता मोजता येतो. प्रत्येक टप्प्यातील जिल्ह्यांचे क्षेत्रफळ व लोकसंख्या यांची बेरीज करून राज्याशी भागाकार करावा. २०० पेक्षा कमी घनतेच्या चार जिल्ह्यांनी राज्याची सुमारे १३ टक्के जमीन व्यापली आहे, पण त्यांत सुमारे ५ टक्के लोक राहतात. सर्वांत गडद टप्प्याकडे ०.२ टक्के जमीन आणि ११ टक्के लोक आहेत. हे दोन आकडे सूचीत प्रत्येक छटेपुढे दिले तर वाचक स्वतःच डोळ्यांचा अंदाज दुरुस्त करतो. संख्या दाखवणे हाच हेतू असेल तर छटांवर लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळे ठेवावीत. मग मुंबईवर मोठे आणि गडचिरोलीवर छोटे वर्तुळ येऊन दोन्ही गोष्टी एकत्र वाचता येतात.

जिल्ह्याच्या आत सगळीकडे सारखीच वस्ती आहे असेही या नकाशातून भासते. पुण्याच्या ६०३ या सरासरीत शहर आणि सह्याद्रीलगतचे विरळ तालुके एकाच रंगात मिसळले आहेत. जिल्ह्यांच्या नकाशात याला इलाज नाही; आकडे तालुक्यांचे मिळत असतील तर तालुकानिहाय नकाशा करावा, नसतील तर तळटीप द्यावी.

शेवटची तपासणी नकाशा ज्या आकारात वाचला जाणार आहे त्याच आकारात करावी. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर आहे, आणि फोनच्या पडद्यावर नकाशा आठ सेंटीमीटर रुंद मावला असे धरले तर एक सेंटीमीटर म्हणजे शंभर किलोमीटर होतात. त्या मापाने १५७ चौरस किलोमीटरचे मुंबई शहर जेमतेम दीड चौरस मिलिमीटरचे, तिळाहून लहान, आणि त्यावर हद्दीची काळी रेषा ओढली की आतला रंग पूर्ण बुजतो. राज्यातील सर्वांत मोठ्या आकड्यांचे दोन जिल्हे असे रेषेखाली गेले तर सूचीतील सहावा चौकोन नकाशावर कुठेच सापडत नाही. म्हणून हद्दीच्या रेषा बारीक आणि पांढऱ्या ठेवाव्यात, आणि अरबी समुद्राच्या मोकळ्या जागेत मुंबई, ठाणे व पालघर यांचा वेगळा मोठा नकाशा चौकटीत देऊन त्याचे प्रमाण वेगळे असल्याचे लिहावे.